आधी गुण, मग गप्पा: चौथीच्या वाचनावरचा मिश्र पद्धतीचा अभ्यास कसा पार पडला

एम.एड. किंवा पीएच.डी.साठी मिश्र पद्धत निवडणाऱ्यांची एक ठरलेली अडचण असते. चाचणी घेऊन होते, मुलाखतीही होतात, आणि शेवटी प्रबंधात प्रकरण चारमध्ये तक्ते, प्रकरण पाचमध्ये मुलांचे उद्गार अशी दोन वेगळी संशोधनं एकाच बाइंडिंगमध्ये बसतात. मार्गदर्शक विचारतात, "याचा त्याच्याशी संबंध काय?" तो संबंध शेवटी जोडता येत नाही, पहिल्या दिवसापासून आराखड्यात ठेवावा लागतो. नागपूर महापालिकेची एक मराठी शाळा आणि हिंगणा तालुक्यातली जिल्हा परिषदेची एक शाळा, दोन्हींतली चौथीची मिळून साठेक मुलं, असा आमचा अभ्यास नुकताच संपला. तो कोणत्या क्रमाने झाला ते इथे लिहून ठेवतो. आम्ही म्हणजे दोघं: एक चाचणी घेणारा, एक मुलाखत घेणारी. ही विभागणी का केली ते पुढे येईल.

आराखडा क्रमिक स्पष्टीकरणाचा होता. आधी वाचनाची चाचणी, तिच्या गुणांवरून मुलाखतीसाठी मुलांची निवड, मग मुलाखती, आणि मुलाखतीतून जे कळेल ते घेऊन पुन्हा गुणांकडे. हा शेवटचा फेरा बहुतेक जण गाळतात. आमच्या मते सगळं सार त्याच्यात आहे.

कागदपत्रांची सुरुवात मार्चमध्येच करा, कारण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि तेव्हा परवानगी हातात असायला हवी. महापालिकेची आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच अभ्यासात असली तर अर्ज दोन ठिकाणी जातात: महापालिकेचे शिक्षणाधिकारी वेगळे, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) वेगळे. अर्जासोबत मार्गदर्शकांचं पत्र, चाचणीचा नमुना, पालकांच्या संमतिपत्राचा नमुना आणि "अध्यापनाच्या वेळेत व्यत्यय येणार नाही" असं हमीपत्र जोडलं. आवकचा शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. पुढे चौकशी करताना आवक क्रमांकाशिवाय कोणी फाईल शोधत नाही. जिल्हा परिषदेकडून पत्र आलं तरी ते गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक अशा तीन पायऱ्या उतरतं. प्रत्येकाला एक झेरॉक्स हातात दिली की काम हलतं.

नीतिविषयक समितीकडे मात्र मिश्र पद्धतीचा खास पेच असतो. समितीला मुलाखतीचे प्रश्न आधी हवे असतात आणि आपले प्रश्न तर चाचणीच्या निकालावर ठरणार. यावर मार्ग असा: कच्ची प्रश्नावली द्यायची आणि अर्जातच लिहायचं की चाचणीनंतर प्रश्नांमध्ये भर पडेल, पण विषयाची कक्षा बदलणार नाही आणि बदल समितीला कळवले जातील. ऑगस्टमध्ये एक पानी दुरुस्तीपत्र दिलं, ते लगेच मंजूर झालं. हे वाक्य आधी नसतं तर पूर्ण अर्ज पुन्हा करावा लागला असता. संमतीचं म्हणाल तर पालकांची सही लागतेच, शिवाय मुलाचा होकारही. चौथीच्या वयाला तोंडी होकार पुरतो, पण तो रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नोंदवायचा आणि "नाही म्हटलं तरी चालतं, बाई रागावणार नाहीत" हे आपण स्पष्ट सांगायचं. संमतिपत्रात "माहिती पूर्णपणे गोपनीय राहील" असं सरसकट लिहू नका. मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ते कळवणं बंधनकारक आहे. तेवढा अपवाद लिहूनच ठेवावा.

चाचणी तयार करायला जुलै गेला. 'असर'ची साधी पातळी-चाचणी (अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) घेता आली असती, आणि जिल्ह्याचं चित्र हवं असेल तर ती उत्तम आहे. पण मुलाखतीसाठी मुलं निवडायची तर पातळी फार जाडी पडते. चौथीतली बरीच मुलं 'गोष्ट' या एकाच पातळीवर येतात आणि त्यांच्यातला फरक दिसत नाही. म्हणून एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले आणि पाच प्रश्नांपैकी किती उत्तरं आली, हे दोन आकडे घेतले.

उतारा बालभारतीच्या पुस्तकातला नको. पाठ झालेला धडा मूल कागदाकडे न बघताच म्हणतं, आणि ते लगेच ओळखू येतं: नजर आपल्याकडे असते, आवाज मात्र थांबत नाही. आम्ही 68 शब्दांची गोष्ट लिहिली. सुरुवात अशी: "सुमीची शेळी सकाळपासून दिसत नव्हती. सुमी विहिरीजवळ गेली, गोठ्यामागे गेली, चिंचेच्या झाडाखाली गेली." पाच प्रश्नांपैकी तीन थेट ("शेळी कधीपासून दिसत नव्हती?") आणि दोन अंदाजाचे ("सुमी झाडाखाली का गेली असेल?"). अंदाजाच्या प्रश्नाला कोणकोणती उत्तरं बरोबर धरायची याची यादी चाचणीआधीच छापून ठेवा. मुलं अशी काही बरोबर उत्तरं देतात की ऐनवेळी दोन तपासनीसांची दोन मतं होतात.

इथेच एक गोष्ट सांगतो, कारण नागपुरात ती हमखास आडवी येते. महापालिकेच्या मराठी आणि हिंदी शाळा शेजारीशेजारी असतात आणि "दोन्हीकडे मिनिटाला किती शब्द ते बघू" असा मोह होतो. तो टाळा. मराठीत 'झाडाखाली' हा एक शब्द मोजला जातो, हिंदीत त्याच मजकुराचे तीन होतात. तेवढंच वाचूनही हिंदी माध्यमाचं मूल आकड्यात पुढे दिसतं.

चाचणी घेण्याची रीत ठरलेली आहे. मुलाकडे मोठ्या टाइपातलं लॅमिनेट केलेलं पान, आपल्याकडे तोच मजकूर छापलेली नोंदपत्रिका. चुकलेल्या शब्दावर तिरकी रेघ. तीन सेकंद अडलं तर पुढचा शब्द दाखवायचा आणि अडलेला चुकीत धरायचा. साठ सेकंदांनी जिथे पोचलं तिथे कंस. पहिल्या दहा शब्दांतला एकही आला नाही तर चाचणी तिथेच थांबवायची, मुलाला ताटकळत ठेवायचं नाही. मूल मिनिटाच्या आत संपवू शकतं, म्हणून एक्सेलमध्ये B मध्ये वाचलेले शब्द, C मध्ये चुका, D मध्ये सेकंद ठेवले आणि E मध्ये:

```
=ROUND((B2-C2)*60/D2,1)
```

68 शब्द 51 सेकंदांत, चार चुका, तर उत्तर 75.3 येतं.

प्रचलित पद्धतीपासून एका ठिकाणी आम्ही मुद्दाम वेगळे गेलो. एरवी मूल मिनिटात जिथवर वाचतं तिथवरच्याच मजकुरावर प्रश्न विचारतात. हळू वाचणाऱ्याला मग दोनच प्रश्न मिळतात, आणि 'दोनपैकी दोन' व 'पाचपैकी दोन' यांची तुलना कशी करणार? आम्हाला तर हळू वाचून समजणारी मुलंच शोधायची होती. म्हणून मिनिटाला कंस केला, पण मुलाला थांबवलं नाही. तीन मिनिटांपर्यंत उतारा पूर्ण करू दिला आणि मग पाचही प्रश्न विचारले. वेग मिनिटाचा, आकलन पूर्ण उताऱ्याचं. ही तडजोड आहे आणि प्रबंधात ती तशीच लिहिली आहे, कारण आमचे आकलनाचे गुण इतरांच्या गुणांशी जुळवता येणार नाहीत.

जुलैच्या पथदर्शी चाचणीत (दुसऱ्याच एका शाळेत) ज्यावर सर्वाधिक वेळ गेला तो प्रश्न होता उच्चाराचा. आपल्याकडे, विशेषतः हिंगण्याच्या बाजूला, मुलं बोलताना 'ळ'चा 'य' करतात. कागदावर 'शेळी' असतं, मूल 'शेयी' वाचतं; 'विहिरीजवळ'चं 'विहिरीजवय' होतं. मुलाने शब्द ओळखलाय, फक्त आपल्या तोंडाने म्हटलाय. पण कडक तपासनीस रेघ मारतो. शिवाय 'शेळी' उताऱ्यात पुन्हा पुन्हा येते, म्हणजे एकाच सवयीचे गुण वारंवार कापले जातात.

हिशोब करून पाहा. समजा सगळ्या मुलांचा मध्यक मिनिटाला 52 शब्द आहे. एक मुलगा 60 शब्दांपर्यंत पोचला आणि त्याच्या पत्रिकेवर 13 रेघा आहेत: गुण 47, म्हणजे 'हळू' गटात. त्या 13 पैकी सहा रेघा 'ळ'च्या असतील तर खरे गुण 53, आणि तो मध्यकाच्या वर. चुकीच्या गटातून तो मुलाखतीला आला असता आणि "तुला वाचताना कुठे अडतं?" या प्रश्नावर गोंधळून गेला असता, कारण त्याला अडतच नव्हतं. म्हणून नियम केला: बोलीतला नियमित बदल चुकीत धरायचा नाही, मात्र पत्रिकेवर त्या शब्दावर टिंब द्यायचं. टिंबं राहिली की दोन्ही प्रकारे गुण काढता येतात आणि परीक्षकांनी विचारलं तर दाखवताही येतात. उलट 'शेळी'ऐवजी 'बकरी' वाचलं तर ती चूकच. अर्थ बरोबर असला तरी मुलाने चित्रावरून किंवा संदर्भावरून उडी मारली आहे, छापलेलं वाचलेलं नाही.

दोन तपासनीस असतील तर पथदर्शी चाचणीत दोघांनी एकाच मुलाच्या वेगवेगळ्या पत्रिका भराव्यात आणि शब्दाशब्दाला ताडून पाहाव्यात. आम्ही 90 टक्के जुळणीची अट ठेवली. मतभेद जवळजवळ सगळे 'ळ'चे आणि मुलाने स्वतःच दुरुस्त केलेल्या शब्दांचे निघाले. स्वतः सुधारलेला शब्द बरोबर धरायचा, हे लिहून ठेवलं की पुढे वाद उरत नाही.

मुख्य चाचणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उरकली. त्याला कारण कॅलेंडर. जुलैत सरकारी पायाभूत चाचणी होती, श्रावण अमावास्येला पोळा, मग तान्हा पोळा आणि मारबत. त्या दिवसांत हजेरी गळते आणि गैरहजर मुलांमागे फिरण्यात आठवडा जातो. नंतर गणपती, दसरा, संकलित चाचणी, दिवाळी. डिसेंबरवर तर काहीच टाकू नका. हिवाळी अधिवेशन असलं की शिक्षण खात्याची माणसं लक्षवेधी आणि तारांकित प्रश्नांच्या उत्तरांत गुंतलेली असतात, साध्या मुदतवाढीच्या पत्रावर सही मिळणंही लांबतं.

गुण हातात आल्यावर मुलांचे चार कप्पे केले: जलद आणि समजलेलं, जलद पण न समजलेलं, हळू पण समजलेलं, हळू आणि न समजलेलं. वेगाची रेषा कुठे ओढायची? निपुण भारतचं तिसरीअखेरचं उद्दिष्ट मिनिटाला किमान 60 शब्दांचं आहे, ते घेता आलं असतं. पण त्याने एक कप्पा खूप भरला असता आणि एक जवळपास रिकामा राहिला असता, म्हणून आमच्याच मुलांचा मध्यक घेतला. आकलनासाठी पाचपैकी तीन. रेषा गुण पाहून ठरली तरी हरकत नाही, मात्र मुलाखती सुरू होण्याआधी ठरलेली आणि तारखेसह लिहिलेली असावी. मध्यकाच्या खाली-वर चार शब्दांच्या आतली मुलं निवडीतून वगळली. तेवढा फरक तर त्याच मुलाने उद्या पुन्हा वाचलं तरी पडतो. उरलेल्यांतून प्रत्येक कप्प्यातली चार मुलं चिठ्ठ्या टाकून घेतली, शिवाय एकेक राखीव.

चाचणी आणि मुलाखत यांत दोन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. मूल उतारा विसरतं आणि दरम्यान वाचायलाही शिकतं.

मुलाखत घेणारीला कोणतं मूल कोणत्या कप्प्यातलं हे माहीत नव्हतं. यादी फक्त चाचणी घेणाऱ्याकडे. माहीत असलं की आवाज बदलतो: 'कच्च्या' मुलाला आपण नकळत अडचणी सुचवतो, हुशाराला कौतुकाने विचारतो. वर्गशिक्षकांनाही नावं कप्प्यांनुसार न देता हजेरीच्या क्रमाने दिली. शिक्षकांचा पहिला प्रश्न असतोच, "मॅडम, ही ढ पोरं घेतली का तुम्ही?"

जागा व्हरांड्यातली घ्या, जिथून बाईंना मूल दिसेल पण ऐकू येणार नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत मूल उभंच राहतं. खिचडीच्या सुट्टीच्या तोंडावर बोलावलं तर उत्तरं एका शब्दाची येतात. टिनाच्या छतावर पाऊस सुरू झाला की रेकॉर्डिंग निरुपयोगी, तेव्हा वही उघडा. मोबाईल विमान मोडवर ठेवा. पंधरा ते वीस मिनिटं पुरतात.

"तुला वाचायला आवडतं का?" हा प्रश्न काढूनच टाकला. त्याला सगळी मुलं "हो" म्हणतात. त्याऐवजी "काल शाळेतून घरी गेल्यावर काय काय केलं?" असं विचारायचं आणि त्यात वाचणं येतं का ते ऐकायचं. "का" हा शब्दही शक्यतो नको. चौथीच्या मुलाला तो रागावल्यासारखा लागतो. त्याच गोष्टीचं कोरं पान पुढे ठेवून "कुठे हळू व्हावं लागलं ते बोटाने दाखव" आणि "मग तू काय केलंस?" एवढ्यावर बरंच निघतं. मूल हो-ला-हो लावतंय का हे पाहायला मध्येच "त्या गोष्टीत हत्ती पण होता ना?" असं विचारलं. जी मुलं "हो मॅडम" म्हणाली त्यांच्या पुढच्या होकारांना नोंदीत तारका दिली आणि विश्लेषणात त्यांच्या 'हो'वर काही उभं केलं नाही. शेवटी "हत्ती नव्हता, मीच चुकीचं म्हटलं" असं सांगून टाकायचं, मूल मनात घेऊन जायला नको.

मुलाखती शब्दशः उतरवायच्या, मुलाच्या बोलीत. "मी वाचून राहिली होती" याचं "मी वाचत होते" करू नका. पंधरा मिनिटांचं बोलणं उतरवायला दोन तास धरा. हे काम टायपिंगवाल्याकडे दिलं नाही, कारण मुलांचे आवाज बाहेर जाऊ द्यायचे नाहीत असं समितीला लिहून दिलं होतं. एकूण खर्चात त्यामुळे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि बस-ऑटोचं भाडं एवढंच राहिलं. वेळ मात्र सर्वात जास्त इथेच गेला.

आता तो फेरा. 'हळू पण समजलेलं' या कप्प्यातल्या एका मुलाने बोट ठेवून सांगितलं, "मी आधी मनात वाचतो, मग बोलतो." त्याच कप्प्यातल्या आणखी एका मुलीनेही जवळपास असंच सांगितलं. म्हणजे हे मूल प्रत्येक शब्द दोनदा वाचतंय. चारांपैकी दोघांच्या बोलण्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, पण गुणांकडे परत जाऊन तपासता येण्यासारखा अंदाज मिळतो: असं असेल तर या कप्प्यातली मुलं कमी शब्द वाचतील, पण वाचलेल्यांत चुका कमी करतील. पत्रिकांवर तो आकडा होताच, फक्त काढला नव्हता. बरोबर शब्द भागिले वाचलेले शब्द, म्हणजे अचूकता. साठही मुलांची अचूकता काढली, तेव्हा हळू वाचणारे दोन कप्पे स्पष्ट वेगळे झाले: एकात अडखळत चुकत वाचणारे, दुसऱ्यात थांबून बरोबर वाचणारे. मिनिटाच्या आकड्यात हे दोघे सारखेच दिसत होते.

'जलद पण न समजलेलं' या कप्प्यात उलटं. "बाई म्हणतात मधात थांबायचं नाही," हे एकीचं वाक्य. तिला तीच गोष्ट मनात वाचायला दिली तर तिने बऱ्यापैकी सांगितली. पण त्याच कप्प्यातल्या दुसऱ्याला मनात वाचूनही सांगता आली नाही. घरी छत्तीसगढी बोलतात, आणि 'गोठा' म्हणजे काय हेच त्याला माहीत नव्हतं. एकाच कप्प्यात दोन कारणं, आणि चाचणी ती वेगळी करू शकत नाही.

हे सगळं एका संयुक्त तक्त्यात मांडलं. डावीकडे कप्पा आणि त्याचे गुण, मध्ये मुलांची वाक्यं, उजवीकडे नातं: जुळतं, भर घालतं, की विरोधात जातं. उजवा रकाना भरताना हात अडतो, आणि तिथेच खरं विश्लेषण होतं. सगळीकडे 'जुळतं' आलं तर मुलाखतीतून आपल्याला हवं तेवढंच उचललंय अशी शंका घ्या. आमच्याकडे विरोधात जाणारी ओळ होती 'हळू, न समजलेलं' मधली: एक मुलगा पान नाकाजवळ धरून बसला आणि म्हणाला, फळ्यावरचं तर मुळीच दिसत नाही. त्याचे गुण तक्त्यात तसेच ठेवले, शेजारी टीप दिली, आणि मुख्याध्यापकांना सांगून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या भेटीत त्याची नेत्रतपासणी व्हावी अशी लेखी विनंती दिली.

लिहिताना एक पथ्य: सोळा मुलाखतींवर टक्केवारी लावू नका. "50 टक्के मुलं म्हणाली" हे चारातल्या दोघांबद्दल असेल तर ते वाचणाऱ्याला फसवणं आहे. मुलाखतींनी कारणांचे प्रकार सांगायचे. किती मुलांना लागू ते सांगायचं काम गुणांचं.

प्रबंध सादर झाल्यावर दोन्ही शाळांना दोन पानी अहवाल दिला. शाळांना नावांची यादी हवी होती, ती दिली नाही. त्याऐवजी अचूकता कशी काढायची, रेघा आणि टिंबं कशी द्यायची हे दाखवून कोऱ्या नोंदपत्रिकांचा गठ्ठा दिला, आणि हिंगण्याच्या शाळेतल्या बाईंनी लगेच विचारलं की तिसरीसाठी लहान उतारा मिळेल का. तो 40 शब्दांचा, जोडाक्षरं कमी असलेला, सध्या तयार होतोय.